दार धरणारा चुंबक: भिंतीवरचा की लादीवरचा?

मागच्या जुलैमधली दुपार. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर आमचं घर आहे आणि हॉलची बाल्कनी नैऋत्येला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या तोंडावरच. जेवणं आटोपून आम्ही जरा आडवे झालो होतो, तेवढ्यात हॉलमध्ये एवढा मोठा आवाज झाला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी इंटरकॉमवरून काय पडलं म्हणून विचारलं. बाल्कनीचं दार आपटलं होतं. वरच्या काचेला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता.

दार उघडं धरून ठेवायला बाल्कनीच्या भिंतीवर चुंबकाचा स्टॉपर बसवलेला होता. तो आता दाराला लोंबत होता. चुंबकाने दारावरचा लोखंडी तुकडा अजून घट्ट धरला होता. मागून दोन स्क्रू बाहेर आलेले, त्यांच्यावर प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि गिट्ट्यांना गिलाव्याची पांढरी भुकटी. भिंतीत दोन भोकं उरली होती. दुसऱ्या दिवशी आलेल्या सुताराने ते बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मॅग्नेट चांगलाय. भिंतच सुटली."

बांधकामाच्या साइटवर माझी बावीस वर्षं गेली आहेत. इतरांच्या घरात असे शेकडो स्टॉपर मी बसवून घेतले असतील, पण वारा एका दाराला नेमका किती जोर लावतो याचा हिशोब त्या दिवसापर्यंत कधी मांडला नव्हता. दुकानात गेलं की आपण एकच प्रश्न विचारतो, "चुंबक स्ट्राँग आहे ना?" खरं तर दार तीन ठिकाणी धरलेलं असतं. दारावरचा लोखंडी तुकडा दारात किती पक्का बसलाय, चुंबक आणि तो तुकडा एकमेकांना किती धरतात, आणि चुंबकाची बैठक भिंतीत किंवा लादीत किती रुतली आहे. यातलं जे सगळ्यात कच्चं, तिथून दार सुटतं. भिंतीवरचा घ्यावा की लादीवरचा, हा निवाडा मुख्यतः तिसऱ्या जागेचा आहे.

आधी वाऱ्याचा जोर पाहू. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा हे सांगणारं भारतीय मानक म्हणजे आयएस ८७५, भाग ३. त्यातलं सूत्र सोपं आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. येतो तो दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलो वजनाचा जोर. आमचं दार ८० सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे, म्हणजे १.६ चौरस मीटर. वारा ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहत असेल, खाली रस्त्यावरची लहान झाडं डोलताना दिसतात तेवढा, तर सूत्राने दर चौरस मीटरला ६ किलो आणि पूर्ण दारावर जवळजवळ १० किलो जोर येतो. ताशी ५४ किलोमीटरला, म्हणजे अख्खी झाडं हलू लागतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध चालणं जड जातं तेव्हा, तेच दार २२ किलोने ढकललं जातं. वेग दीडपट झाला, जोर दुपटीहून जास्त झाला. चौदाव्या मजल्यावर वारा जमिनीवरच्यापेक्षा वेगाने वाहतो, हे लक्षात घेतलं की खाली गुलमोहर शांत उभा असताना वर दार का आपटतं ते समजतं.

हा जोर पूर्ण दारावर समोरून आला तरचा आहे. दार भिंतीला लागून पूर्ण उघडं असेल तर वारा त्याच्या फक्त कडेवर येतो आणि जोर फारच कमी असतो. गोष्ट बिघडते ती दार भिंतीपासून थोडं सुटलं की. मग वारा मागच्या फटीत शिरतो, शिडात भरावा तसा भरतो, आणि दार जितकं सुटत जाईल तितका वाऱ्याला मोठा पृष्ठभाग मिळत जातो. म्हणून स्टॉपरचं खरं काम पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरचं आहे. तिथे दार सुटू दिलं नाही, तर वर सांगितलेले २२ किलो सहसा कधी येतच नाहीत. एकदा सुटलं, की पुढे ते कोणी थांबवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट घरात उभं राहूनच कळते. दार बाहेर, बाल्कनीत उघडत असेल, तर समोरून घरात शिरणारा वारा ते बंद करतो. दार आत, खोलीत उघडत असेल, तर समोरचा वारा ते उघडंच ठेवतो, पण मागच्या बाजूने शिरून बाल्कनीतून बाहेर पडणारा वारा ते ओढून बंद करतो. आत उघडणाऱ्या दाराची माणसं म्हणतात, "वारा नव्हताच, कोणी तरी मुख्य दार उघडलं आणि हे आपटलं." बरोबर आहे. मुख्य दार उघडल्यावर वाऱ्याला आरपार जायला वाट मिळाली. आमच्या हॉलचं दार बाहेर उघडणारं आहे, म्हणून जून ते सप्टेंबर हाच त्याच्या परीक्षेचा काळ.

आता स्टॉपर कुठे बसवायचा. वाऱ्याचा जोर दाराच्या मध्यावर लागतो असं धरलं, तर आमच्या दारात तो बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर लागतो. स्टॉपर ७० सेंटिमीटरवर, म्हणजे दाराच्या मोकळ्या कडेजवळ असेल, तर वाऱ्याच्या २२ किलोंना त्याला साडेबारा किलोच धरावे लागतात. तोच स्टॉपर बिजागरीपासून २५ सेंटिमीटरवर बसवला तर त्याच वाऱ्यात त्याच्यावर ३५ किलो येतात. चुंबक तोच, दार तेच, वारा तोच. अनेक घरांमध्ये स्टॉपर बिजागरीजवळच्या कोपऱ्यात ढकललेला असतो, कारण तिथे तो पायात येत नाही आणि दिसत नाही. अशा जागी दुसरंही नुकसान होतं. दार जोरात उघडून स्टॉपरवर आदळलं की तो टेकू बनतो आणि बिजागरीचे स्क्रू चौकटीतून उपसले जातात. वर्षभरात दार खाली लोंबू लागलं तर दोष बहुतेक वेळा बिजागरीला दिला जातो, तेव्हा आधी स्टॉपरची जागा बघावी. दाराच्या रुंदीच्या निदान दोन-तृतीयांश अंतरावर, जमेल तितका बाहेर, हा साधा नियम मी आता पाळतो.

चुंबकाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो चांगला असूनही कामी येत नाही असं पुष्कळदा होतं. बाजारात दोन प्रकार दिसतात. काळसर, मातीच्या कौलासारखा दिसतो तो फेराइटचा, स्वस्त आणि गंज न धरणारा. चकचकीत चांदीसारखा दिसतो तो निओडिमियमचा, आकाराने लहान असून कितीतरी जास्त धरणारा. पण त्यावरचा निकेलचा मुलामा एकदा सोलला की दमट खाऱ्या हवेत तो आतून पिठासारखा सुटू लागतो. समुद्राजवळच्या घरात मुलाम्यावर ओरखडा दिसला तर तो स्टॉपर बदललेलाच बरा.

कोणताही असला तरी चुंबकाचा जोर फटीने झपाट्याने कमी होतो. हे मी घरीच मोजून पाहिलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा दाराच्या हँडलला अडकवला, दार स्टॉपरला लावलं आणि काटा सावकाश ओढत गेलो. दार सुटलं तेव्हा काट्यावर सहा किलोंचा आकडा होता. मग चुंबक आणि पत्र्याच्या मध्ये एक जाड पोस्टकार्ड धरलं, तर चारच्या आसपास सुटलं. तीन-चार कार्डं धरली, म्हणजे मध्ये सुमारे एक मिलिमीटर अंतर पडलं, तर दोन किलोंनाच सुटलं. पत्र्यावर रंगाचे दोन हात चढले, दिवाळीत रंगाऱ्याने तो पुसला नाही, चुंबकावर ग्रिलच्या कामातला लोखंडी कीस चिकटला, की ही फट आपोआप तयार होते. तो कीस फडक्याने पुसून निघत नाही, उलट चुंबकावरच फिरत राहतो. मळलेल्या कणकेचा छोटा गोळा दाबून उचलला की स्वच्छ निघतो.

चुंबक पूर्ण टेकतोय की नाही, हे पत्राच सांगतो. काही महिन्यांनी त्याच्यावर चुंबक टेकल्याची चमकदार खूण पडते. खूण पूर्ण गोल असेल तर ठीक. अर्ध्या चंद्रासारखी असेल तर चुंबक एका कडेनेच टेकतोय आणि अर्धाही जोर मिळत नाहीय. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, बिजागरी सैल होते, दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं, आणि ही अर्धचंद्र खूण उमटते. म्हणूनच चांगल्या स्टॉपरमध्ये पत्रा थोडा डुलता ठेवलेला असतो किंवा चुंबकामागे स्प्रिंग असते. ती स्प्रिंग दार आदळून मागे उसळायलाही देत नाही. दुकानातच पत्रा बोटाने दाबून तो हलतो का ते बघावं.

एक चूक मी स्वतः केली आहे. गंजलेला पत्रा काढून त्याजागी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा सुंदर तुकडा कापून लावला. चुंबक त्याला धरेचना. त्या जातीच्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. पत्रा साध्या लोखंडाचा मुलामा दिलेला किंवा ४३० ग्रेडचा हवा. विकत घेताना खिशात छोटा चुंबक असला की काम भागतं.

आता भिंतीवरचा प्रकार. यात दार सुटू पाहतं तेव्हा बैठक भिंतीतून सरळ बाहेर ओढली जाते, खिळा उपटावा तशी. दार उघडून आदळतं तेव्हा मात्र तो धक्का भिंतीत दाबून जातो आणि भिंत तो सहज सोसते. म्हणजे या प्रकाराचं सगळं यश भिंत स्क्रूला किती धरते यावर आहे. काँक्रीटची भिंत असेल, नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा असते, तर साधी ६ मिलिमीटरची गिट्टी आणि ४० मिलिमीटरचा स्क्रू आयुष्यभर पुरतो. भाजलेल्या विटेचीही चांगली असते, फक्त भोक विटेत यायला हवं, दोन विटांमधल्या दर्जेत नको. कच्ची ठरते ती एएसी ब्लॉकची भिंत, आमच्या बाल्कनीत आहे तशी. हे ब्लॉक राखाडी, हलके आणि भुसभुशीत असतात. त्यांच्यावर बारा-पंधरा मिलिमीटर गिलावा असतो. आमच्या पहिल्या स्टॉपरची गिट्टी २५ मिलिमीटरची होती. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग गिलाव्यातच होता आणि उरलेला भुसभुशीत ब्लॉकमध्ये जेमतेम शिरलेला. दोन पावसाळे दाराचे धक्के खाऊन ती सैल झाली होती. एका जोराच्या झोताने शेवट झाला एवढंच.

भिंत कसली आहे हे ओळखायला ड्रिलमधून पडणारी भुकटी बघावी. लाल असेल तर वीट. राखाडी, बारीक, आणि बिट पुढे जाताना हाताला नेट द्यावा लागत असेल तर काँक्रीट. पांढरट भुकटी भराभर पडत असेल आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं जात असेल तर एएसी. अशा भिंतीत ड्रिलची ठोकणी बंद करून नुसतं फिरवून भोक पाडावं, नाहीतर ते घंटेसारखं आतून रुंद होतं. मग त्यात ८ मिलिमीटरची, ६० ते ८० मिलिमीटर लांब, अशा ब्लॉकसाठीच मिळणारी नायलॉनची गिट्टी घालावी. जिप्समच्या पोकळ पार्टिशनवर मात्र हा प्रकार बसवूच नये.

भिंतीवरच्या प्रकाराचा सगळ्यात मोठा फायदा क्वचितच कोणी घेतं. तो स्कर्टिंगजवळ खालीच लावायला हवा असं काही नाही. वारा दाराच्या मध्यावर ढकलतो आणि आपण दार तळाला धरतो. मग दार पिळवटतं, विशेषतः ॲल्युमिनियमचं आणि पीव्हीसीचं. वरचा कोपरा फडफडतो, त्या थरथरीत चुंबक आधी एका कडेने उचलला जातो आणि मग सुटतो. भिंतीवरचा स्टॉपर हँडलच्या थोडा खाली, जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर लावला तर दार जिथे ढकललं जातं त्याच उंचीवर धरलं जातं. कुलूप बसवण्यासाठी फ्लश दाराच्या त्या भागात आत भरीव लाकूड असतं, म्हणून पत्र्याचे स्क्रूही तिथे चांगले बसतात. फक्त हँडल भिंतीला लागणार नाही इतका लांब स्टॉपर हवा. हँडल दारापासून सहा-सात सेंटिमीटर बाहेर येत असेल तर स्टॉपर आठ सेंटिमीटरचा घ्यावा. याहून लांब नको, कारण जितकी लांबी तितकी मागची फट, आणि फटीत वारा.

लादीवरचा प्रकार माझ्या मते नाइलाजाचा आहे. पण नाइलाज पुष्कळ घरांत असतो. आमच्या बेडरूमच्या बाल्कनीचं दार उघडलं की मागे भिंत नाही, रेलिंग आहे. कुठे मागे खिडकी असते, कुठे कपड्यांचं कपाट, कुठे भिंत दारापासून फूटभर लांब. तिथे लादीच आधार देते.

यात ओढ आडवी लागते. स्क्रू आडव्या जोराला तुटत नाहीत, पण स्टॉपर उभा खांब असल्यामुळे तो कलंडू पाहतो. हिशोब बघा. चुंबक लादीपासून ४ सेंटिमीटर उंचीवर आहे आणि दार १२ किलोंनी ओढतंय. बैठक साडेचार सेंटिमीटर व्यासाची आहे आणि मध्ये एकच स्क्रू आहे. तेव्हा त्या स्क्रूला २०-२२ किलोंनी वर उपसलं जातं. तीन स्क्रूंची, रुंद बैठक घेतली तर हाच भार वाटला जातो. म्हणून लादीवरचा घेताना मी तो उलटा करून स्क्रूची भोकं मोजतो. एकच भोक असेल तर तो आतल्या खोल्यांच्या दारांसाठी ठीक, वाऱ्याच्या बाल्कनीसाठी नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. बाल्कनीच्या लादीखाली ४०-५० मिलिमीटर सिमेंटचा थर असतो आणि त्याच्याखाली पाणी अडवणारा लेप. ड्रिल त्या लेपापर्यंत गेलं तर पावसाचं पाणी स्क्रूच्या भोकातून खालच्या घराच्या छताला लागतं, आणि ते शोधायला मग सगळी बाल्कनी उकरावी लागते. सुतार आणि प्लंबर या दोघांच्या कामांच्या मध्ये हे भोक पडतं, त्यामुळे त्याची काळजी घेणारं कोणी नसतं. घरमालकाने स्वतः उभं राहावं. ड्रिलच्या बिटावर टोकापासून ३५ मिलिमीटरवर रंगीत टेप गुंडाळून घ्यावी आणि त्यापुढे एक दोराही जाऊ देऊ नये. लादीवर आधी चिकटपट्टी लावावी म्हणजे बिट घसरत नाही. लादीचा जाडीभर थर पार होईपर्यंत ठोकणी बंद ठेवावी, नाहीतर लादीला केसासारखा तडा जातो. भोकातली भुकटी फुंकून काढावी, त्यात सिलिकॉन भरावं, मग गिट्टी आणि स्क्रू बसवावा, आणि बैठकीच्या कडेनेही सिलिकॉन ओढावं.

बाल्कनीला ढाळ असतो, हेही विसरलं जातं. चौकटीजवळ दाराखाली १ सेंटिमीटर जागा असेल तर दार उघडल्यावर मोकळ्या कडेखाली ती दीड-दोन होते. दार बंद असताना मोजून लावलेला पत्रा मग चुंबकाच्या खालीवर येतो. खूण नेहमी दार पूर्ण उघडून, चुंबक जागेवर ठेवून, त्याच्याशी टेकवूनच करावी. आणि पत्र्याचे स्क्रू दाराच्या तळाच्या लाकडी पट्टीत जातील अशी जागा घ्यावी. पोकळ दारात त्या पट्टीच्या वर नुसतं कातडं असतं, तिथे स्क्रू आज लागतो आणि दोन महिन्यांनी पत्र्यासकट हातात येतो.

पायाला लागतो ही लादीवरच्याची जुनी तक्रार, आणि ती खरी आहे. आमच्या आईने बेडरूमच्या बाल्कनीत पहाटे तुळशीला पाणी घालायला जाताना अंगठा ठेचून घेतला. दार उघडं असताना स्टॉपर त्याच्याआड लपलेला असतो, बंद असताना मात्र तो मोकळ्या जागेत एकटा उभा असतो. मग आम्ही तो काढून रेलिंगच्या अगदी कडेला सरकवला, जिथून कोणी चालत नाही. तरीही बिजागरीपासून ६५ सेंटिमीटर अंतर राखलं. जुन्या भोकांत सिलिकॉन आणि पांढरं सिमेंट भरलं.

नुसत्या चिकटपट्टीवर बसणारे, भोक न पाडता लावायचे स्टॉपरही मिळतात. भाड्याच्या घरात त्यांचा मोह होतो. पट्टी खरोखर चांगली चिकटते, पण ती रंगाला चिकटते, आणि रंग भिंतीपासून सुटतो. वाऱ्याच्या बाल्कनीसाठी त्यांचा विचार करू नये. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून दोन भोकं पाडलेली परवडतात.

आमच्या हॉलच्या दाराचं शेवटी असं केलं. भिंतीवरचाच प्रकार ठेवला, कारण मागे भिंत आहे आणि बाल्कनीच्या लादीला भोक पाडायची गरज नाही. पण तो जुन्या भोकांपासून दूर, जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर आणि बिजागरीपासून ७० सेंटिमीटरवर घेतला. चार स्क्रूंची बैठक आणि ८० मिलिमीटरच्या गिट्ट्या. पत्रा लोखंडी, मुलाम्याचा, थोडा डुलणारा. काट्यावर दार आता नऊ किलोंना सुटतं. माझ्या सुताराला हे कमी वाटलं. "अजून स्ट्राँग लावू ना," म्हणाला. मी नको म्हटलं, कारण हेच दार आईला एका हाताने सोडवता यायला हवं. याहून जास्त चुंबक लावला तर ती हँडलला हिसका देते आणि तो हिसका रोज बिजागरीला बसतो. वाऱ्यासाठी नऊ किलो पुरतात, ते पहिल्या दोन सेंटिमीटरना. हा पावसाळा अर्धा गेला, अजून एकदाही दार सुटलेलं नाही, आणि पत्र्यावरची खूण पूर्ण गोल आहे.

यालाही हद्द आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात वरच्याच सूत्राने आमच्या दारावर ७५ किलो येतात. मुंबईत इमारती बांधताना मानकाप्रमाणे ताशी १५८ किलोमीटरचा झोत गृहीत धरतात, पुण्यात १४०. या वेगांना चुंबक नावाची गोष्टच उरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा उघडी दारं स्टॉपरने धरून ठेवायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा दार बंद करून वरखाली दोन्ही कड्या घालायच्या असतात. कोकणातल्या जुन्या घरांत खिडकीला आणि दाराला लोखंडी आकडा असतो, तो कोयंड्यात अडकला की नुसत्या ओढीने सुटत नाही. वारा रोजचाच जोराचा असेल, अगदी किनाऱ्यावर घर असेल, तर चुंबकाच्या जोडीला असा आकडा लावावा आणि बाहेर जाताना तो अडकवावा.

तुमच्याकडे बाल्कनीत चुंबकाचा स्टॉपर असेल तर मे संपायच्या आत एक काम करा. बॅगा तोलायचा काटा हँडलला अडकवून दार सावकाश ओढा. पाच किलोंच्या आत सुटलं तर पत्रा आणि चुंबक स्वच्छ करून पुन्हा ओढा. आणि ओढताना डोळे काट्यावर नका ठेवू, बैठकीवर ठेवा. ती केसभर जरी हलताना दिसली, तर पाऊस यायच्या आधी तिच्या गिट्ट्या बदलून घ्या.